कॉम्पिटन्सी डेकवरून मुलाखतीचा प्रश्नसंच: डेक पाठवण्याआधी एवढं वाचा

आमच्याकडे येणाऱ्या बऱ्याच मेलला एक पीपीटी जोडलेली असते आणि खाली ओळ असते: "या रोलसाठी प्रश्न आणि मार्किंग करून द्या, सोमवारपासून कँडिडेट बोलावलेत." डेक बहुधा नीटनेटका असतो. पाच-सहा कॉम्पिटन्सी, प्रत्येकीची दोन ओळींची व्याख्या, कधी लेव्हलही दिलेल्या. तरीही आम्ही लगेच उलटा फोन करतो आणि विचारतो, "या जागेवरच्या माणसांचं काम रोज कोण बघतं? त्यांचा एक तास मिळेल का?" हा तास कशासाठी, हे ठाणे-नवी मुंबईतले आमचे बरेच ग्राहक विचारतात. त्यासाठीच हे पत्रक.

वेळ कुठे जातो

डेकमध्ये विशेषणं असतात, प्रसंग नसतात. "कामाची जबाबदारी घेतो, अडचणींचा स्वतःहून पाठपुरावा करतो" या ओळीतून घाईने प्रश्न काढला तर तो होतो, "तुम्ही जबाबदारी घेता का? उदाहरण द्या." उमेदवार हो म्हणतो आणि पाठ केलेलं उदाहरण देतो. गुणांच्या रकान्यात मग "५ – उत्कृष्ट, ३ – समाधानकारक, १ – असमाधानकारक" एवढंच लिहिता येतं. तेच उत्तर ऐकून एक मुलाखतकार २ देतो, दुसरा ४. दोघांनाही चूक म्हणता येत नाही, कारण समाधानकारक म्हणजे काय हे कागदावर कुठेच नाही. दोन आठवड्यांनी आम्हाला फोन येतो की मार्किंग जुळत नाही, प्रश्न बदलून द्या. प्रश्न बदलून काही होत नाही. काम पुन्हा पहिल्या पायरीपासून करावं लागतं आणि तोवर तुमची जागा रिकामी राहते.

म्हणून प्रत्येक कॉम्पिटन्सीमागे आम्हाला तीन-चार खरे प्रसंग लागतात. काय घडलं, त्या माणसाने नेमकं काय केलं आणि पुढे काय झालं, एवढं पुरे. नाव नको. "आमचा एक मुलगा फार सिन्सिअर आहे" हा प्रसंग नव्हे. चांगल्या कामाइतकेच फसलेल्या कामाचे प्रसंग हवेत, कारण खालच्या गुणांची नोंद त्यांच्यातूनच लिहिली जाते. ही पद्धत आमच्या डोक्यातून निघालेली नाही. जॉन फ्लॅनागन यांनी १९५४ साली ती 'क्रिटिकल इन्सिडंट टेक्निक' या नावाने मांडली. पुढे १९६३ मध्ये स्मिथ आणि केंडॉल यांनी परिचारिकांच्या कामाचं मूल्यमापन करताना अशा प्रसंगांवरून गुणांच्या पायऱ्या कशा बांधायच्या हे दाखवलं. प्रसंग एचआरकडून न घेता कामावर देखरेख करणाऱ्याकडून घ्यायचा आमचा आग्रह एवढ्यासाठीच, की ती अडचण त्याने डोळ्यांनी पाहिलेली असते.

एक नमुना

समजा, बेलापूरच्या एका कस्टम्स ब्रोकरला इंपोर्ट डॉक्युमेंटेशन एक्झिक्युटिव्ह हवा आहे आणि डेकमध्ये पहिली कॉम्पिटन्सी 'ओनरशिप' आहे. सुपरवायझरने सांगितलेला प्रसंग असा: शुक्रवारी संध्याकाळी पार्टीची कागदपत्रं आली. पॅकिंग लिस्टवरचं वजन आणि बिल ऑफ लेडिंगवरचं वजन जुळत नव्हतं. जहाज रविवारी न्हावा शेवाला लागणार होतं. एकाने पार्टीने पाठवलं तसंच भरून टाकलं. दुसऱ्याने मेल केला आणि सोमवारी उत्तर येईपर्यंत थांबला. तिसरीने मेल करून लगेच फोन लावला, पार्टीचा माणूस उचलत नाही म्हटल्यावर फॉरवर्डरकडून खरं वजन काढलं आणि सीनियरना रात्रीच सांगून ठेवलं. बिल ऑफ एंट्री, म्हणजे आयात मालाचा कस्टम्सकडे द्यायचा कागद, एकदा दाखल झालं की दुरुस्तीसाठी कस्टम्सकडे अमेंडमेंट मागावी लागते. त्यात कंटेनर फुकट ठेवता येतो ते फ्री डेज संपले तर डिटेन्शन, म्हणजे कंटेनरचं दिवसागणिक भाडं, सुरू होतं. म्हणजे या तीन वागण्यांतला फरक पार्टीच्या बिलात दिसतो. ओनरशिपची व्याख्या या घरात ही आहे, स्लाइडवरच्या दोन ओळी नव्हेत.

यातून प्रश्न निघतो. वजनाचा तपशील त्यात मुद्दाम घेत नाही, नाहीतर उत्तर प्रश्नातच मिळतं:

"कागदपत्रांत काहीतरी चुकलंय हे तुमच्या स्वतःच्या लक्षात आलं आणि हातात वेळ कमी होता, असा गेल्या वर्षभरातला एक प्रसंग सांगा."

जोडप्रश्न: पहिल्यांदा कोणाला कळवलं आणि कसं? उत्तर आलं नाही तेव्हा काय केलं? सीनियरना कधी सांगितलं? शेवटी काय झालं?

गुणनोंद:

१ गुण: चूक दिसली पण "पार्टीची जबाबदारी" म्हणून तशीच पुढे ढकलली, किंवा अंदाजाने आकडा बदलला.

३ गुण: संबंधितांना कळवलं, उत्तर येईपर्यंत थांबला, आल्यावर बरोबर भरलं. वेळ जात असल्याचं सीनियरना सांगितलं नाही, किंवा उशिरा सांगितलं.

५ गुण: कळवलं, उत्तर कधीपर्यंत हवं ते सांगितलं, न आल्यास दुसऱ्या वाटेने माहिती मिळवली, निर्णय आपल्या अधिकारातला नसेल तर वेळेत वर नेला.

२ आणि ४ आम्ही मोकळे ठेवतो. उत्तर दोन पायऱ्यांच्या मधे पडलं तर ते वापरायचे. पाचही पायऱ्या शब्दांत लिहून द्या असा आग्रह होतो, पण ३ आणि ४ मधला बारीक फरक शब्दांत पकडायला गेलं की मुलाखतकार उत्तर ऐकायचं सोडून कागद वाचत बसतो.

शेवटी एक ओळ असते, ती कृपया काढू नका: "यासाठी गुण देऊ नयेत – सफाईदार इंग्रजी, मोठ्या कंपनीचं नाव, आत्मविश्वास." आणि एक सूचना: उमेदवार सारखं "आम्ही केलं" म्हणत असेल तर "त्यात तुमचा वाटा कोणता?" हे विचारल्याशिवाय ३ च्या वर जायचं नाही.

फ्रेशर असेल तर त्याच्याकडे असा प्रसंग नसतोच. त्याच्यासाठी हाच प्रसंग "समजा" करून विचारतो: शुक्रवारची संध्याकाळ आहे, दोन कागदांवर वजन वेगळं आहे, जहाज रविवारी लागतंय, तुम्ही काय कराल? गुणांच्या पायऱ्या त्याच राहतात. मात्र एकाच जागेसाठी अनुभवी आणि फ्रेशर दोघांना बोलावलं असेल, तर सगळ्यांना "समजा"वालाच प्रश्न विचारावा. घडलेलं सांगणारा आणि कल्पना करून सांगणारा यांचे गुण शेजारी ठेवून तुलना करणं योग्य नाही.

डेकमधली गर्दी

'ओनरशिप', 'अकाउंटेबिलिटी' आणि 'प्रोॲक्टिव्हनेस' अशा तीन स्लाइड असलेले डेक सर्रास येतात. आम्ही गोळा केलेले प्रसंग कॉम्पिटन्सीचं नाव न लिहिता तुमच्याच दुसऱ्या सुपरवायझरला देतो आणि विचारतो, हा प्रसंग कोणत्या स्लाइडखाली जाईल? वरचा वजनाचा प्रसंग एकाने ओनरशिपखाली ठेवला आणि दुसऱ्याने प्रोॲक्टिव्हनेसखाली, तर ती दोन खाती वेगळी नाहीत. वेगळी ठेवली तर एकाच गुणाचे मार्क दोनदा मोजले जातात आणि कागदपत्रांतल्या अचूकपणाला काही उरत नाही. ती एकत्र करायची की नाही हे तुम्ही ठरवायचं. आम्ही प्रसंगांसकट दाखवतो, डेकला परस्पर हात लावत नाही.

प्रश्न कमी का देता, हेही विचारलं जातं. जोडप्रश्नांसकट एका प्रश्नाला पाच-सहा मिनिटं सहज लागतात. पाऊण तासाच्या मुलाखतीत आठच्या वर प्रश्न नीट विचारून होत नाहीत. त्यामुळे चार कॉम्पिटन्सी, प्रत्येकी दोन प्रश्न, आणि प्रत्येकाला तितक्याच वजनाचा एक बदली प्रश्न एवढा संच आम्ही देतो. बदली प्रश्न लागतातच, कारण एकाच कन्सल्टन्सीकडून उमेदवार येत राहिले की तिसऱ्या-चौथ्या जणापर्यंत प्रश्न पोचलेले असतात. शंभर प्रश्नांची यादी नेटवर फुकट मिळते. तिच्यात गुणनोंद नसते, आणि तुमच्या कामाची तर नसतेच.

काही गोष्टी प्रश्न विचारून कळतच नाहीत. एक्सेल येतं का, एचएसएन कोड शोधता येतो का, यासाठी वीस मिनिटांचं काम समोर बसवून करून घ्या. डेकमध्ये 'टेक्निकल स्किल' असं लिहिलेलं असलं तरी त्यावर आम्ही प्रश्न देत नाही, छोटी चाचणी देतो. तसंच लग्न झालंय का, मुलं किती, हे प्रश्न तुमच्या जुन्या फॉर्मवर असतील तर आम्ही काढतो. उशिरापर्यंत थांबावं लागणार असेल तर "महिन्यातून काही दिवस रात्री नऊपर्यंत काम असतं, जमेल का?" हे थेट विचारावं, आणि प्रत्येक उमेदवाराला विचारावं, फक्त मुलींना नव्हे.

संच हाती आल्यावर

प्रत्येक उत्तरानंतर लगेच दोन ओळी टिपा आणि गुण लिहा. शेवटी एकदम लिहायला बसलात तर पहिलं छाप पाडणारं उत्तर बाकीच्या सगळ्यांवर सांडतं. दोन मुलाखतकार असतील तर आपापले गुण लिहून होईपर्यंत एकमेकांशी बोलू नका. नंतर गुण समोरासमोर ठेवा. दोन किंवा त्याहून जास्त फरक असेल तिथे सरासरी काढू नका, दोघांनी काय ऐकलं ते टिपणातून वाचून दाखवा. बहुतेक वेळा एकाने जोडप्रश्न गाळलेला असतो. जोडप्रश्न विचारूनही फरक राहत असेल तर आमची नोंद संदिग्ध आहे. ती ओळ आम्हाला कळवा, आम्ही ती दुरुस्त करून देतो आणि त्याचे वेगळे पैसे घेत नाही.

पहिल्या मुलाखतीआधी अर्धा तास काढून आधीच कामावर असलेल्या दोघांचे प्रसंग, नाव न सांगता, याच नोंदींवर तपासून बघा. ज्याला सगळे चांगला म्हणतात त्याला २ पडत असतील तर नोंद चुकली आहे, किंवा तो ज्यासाठी चांगला आहे ती गोष्ट डेकमध्येच नाही.

काय पाठवायचं

डेक, त्या जागेची प्रत्यक्ष कामाची यादी, आणि देखरेख करणाऱ्याचा फोन नंबर. प्रसंग लिहून पाठवले तर उत्तमच. लिहायला वेळ नसेल तर व्हॉट्सॲपवर बोलून पाठवा, आम्ही उतरवून घेतो. पार्टीची नावं आणि बिलांचे आकडे मात्र त्यात बोलू नका. सगळं हाती आल्यापासून चार कॉम्पिटन्सीच्या संचाला आम्ही आठवडाभर मागतो, त्यात दुसऱ्या सुपरवायझरकडून प्रसंग लावून घेण्याचा दिवस धरलेला आहे. तो दिवस वाचवून द्या असं म्हणालात तर आम्ही नकार देऊ.

पहिल्यांदाच काम देत असाल तर एका कॉम्पिटन्सीचा प्रश्न, जोडप्रश्न आणि गुणनोंद आम्ही नमुन्यादाखल करून देतो. ती घेऊन एक मुलाखत घ्या आणि मग बाकीच्या कामाचं ठरवा. नौपाड्यातलं ऑफिस शनिवारी दुपारपर्यंत उघडं असतं. सुपरवायझरना सोबत घेऊन आलात तर प्रसंग तिथेच लिहून होतात.