औषधाचे बिल छापील किमतीपेक्षा जास्त आले, तर तक्रार कुठे आणि कशाच्या आधारे करावी?

औषध (किंमत नियंत्रण) आदेश, 2013 नुसार विक्रेत्याला चालू दरपत्रकातील किंमत आणि वेष्टनावरील छापील किंमत यांपैकी जी कमी असेल तिच्यापेक्षा अधिक रक्कम घेता येत नाही. पट्टीतील सुट्या गोळ्याही त्याच प्रमाणात द्याव्या लागतात. ‘सुटे घेतले म्हणून दर जास्त’ हे उत्तर नियमात बसत नाही.

समजा, 15 गोळ्यांच्या पट्टीवर सर्व करांसह 225 रुपये छापले आहेत आणि आपण 10 गोळ्या घेतल्या. या गोळ्यांचे जास्तीत जास्त 150 रुपये होतात. त्यावर 5 टक्के जीएसटी लावून 157.50 रुपये घेतले असतील, तर साडेसात रुपये जादा गेले. मात्र बिलात 142.86 रुपये मूल्य, 7.14 रुपये कर आणि एकूण 150 रुपये असे लिहिले असेल, तर ते बिल बरोबर आहे. केवळ कराचा रकाना पाहून तक्रार करणारे पुष्कळ असतात, आणि त्यांची तक्रार तिथेच संपते.

खरी अडचण पुराव्याची असते. दुकानदार कात्रीने पट्टी कापतो तेव्हा किंमत आणि बॅच क्रमांक छापलेला तुकडा बहुधा दुकानातच राहतो, आणि आपल्या हाती नुसत्या गोळ्या येतात. म्हणून पट्टी कापण्यापूर्वीच तिच्या छापील भागाचा फोटो घ्यावा. बिलावरील बॅच क्रमांक पट्टीवरील क्रमांकाशी जुळतो का, हे काउंटरवरच पाहावे, कारण एकाच औषधाच्या दोन बॅचची किंमत वेगळी असू शकते आणि जुन्या पट्टीवरून केलेली तुलना टिकत नाही. बिल मागितल्यावर ‘मशीन बंद आहे’ असे सांगितले, तर हाताने लिहिलेले, सहीशिक्क्याचे बिल घ्यावे. कच्च्या चिठ्ठीवर तक्रार उभी राहणे कठीण असते.

महाराष्ट्रात लेखी तक्रार अन्न व औषध प्रशासनाच्या जिल्हा कार्यालयात, सहायक आयुक्त (औषधे) यांच्या नावे द्यावी. टोल फ्री क्रमांक 1800 222 365 आहे. अर्जासोबत बिलाची व फोटोची प्रत जोडावी, मूळ बिल कधीही देऊ नये, आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांक घेतल्याशिवाय टेबल सोडू नये. ‘साहेब दौऱ्यावर आहेत’ हे अर्ज न स्वीकारण्याचे कारण होऊ शकत नाही. राष्ट्रीय औषध मूल्य निर्धारण प्राधिकरणाकडेही 1800 111 255 या क्रमांकावर तक्रार करता येते.

या यंत्रणा विक्रेत्याची चौकशी करतात. आपले पैसे आणि भरपाई मिळवून देणे हे त्यांचे काम नाही. त्यासाठी आधी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तडजोडीचा प्रयत्न करावा, आणि ती न झाल्यास जिल्हा ग्राहक आयोगात जावे. तिथली दोन वर्षांची मुदत तक्रारीचे कारण घडल्यापासून, म्हणजे येथे खरेदीपासून, मोजतात, हेल्पलाइनच्या शेवटच्या उत्तरापासून नव्हे. पाच लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीसाठी आयोगात शुल्क नाही.

वैधमापन कार्यालयात मात्र औषधाची तक्रार नेऊ नये, कारण या आदेशाखालील औषधे त्यांच्या वेष्टित वस्तूंच्या नियमांतून वगळलेली आहेत. त्याच दुकानातून घेतलेल्या साबणावर किंवा टूथपेस्टवर जादा पैसे घेतले असतील, तर ती तक्रार तिथलीच.