२०० सेकंद मोजलेले, १०,००० वर्षं अंदाजलेली

"क्वांटम संगणकाने १०,००० वर्षांचं गणित २०० सेकंदांत सोडवलं." २०१९ पासून हे वाक्य इतक्या वेळा वाचलंय की आता चिडायचाही कंटाळा येतो. यात दोन गोष्टींची गल्लत आहे. रँडम सर्किट सॅम्पलिंग हा चिपवर केलेला प्रयोग आहे. क्वांटम ॲडव्हांटेज, म्हणजे नेहमीच्या संगणकाला व्यवहारात न जमणारं काम क्वांटम चिपने केलं, हा त्या प्रयोगावर बेतलेला दावा आहे, आणि दाव्यात नेहमीचा संगणक प्रतिस्पर्धी म्हणून येतो.

क्युबिट आणि गेट तुम्हाला माहीत आहेत असं धरतो. गूगलच्या सिकॅमोर चिपवर ५३ क्युबिट होते. त्यांवर यादृच्छिक निवडलेल्या गेट्सचे २० थर चालवायचे, शेवटी मोजायचं, की ५३ शून्य-एकांची एक ओळ मिळते. तेच सर्किट पुन्हा चालवलं की वेगळी ओळ. अशा १० लाख ओळी सुमारे २०० सेकंदांत मिळाल्या. "सोडवलं" हा शब्द इथेच चुकतो, कारण उत्तर असं काही नव्हतंच. सगळ्या ओळींची शक्यता सारखी नसते, काही ओळी जास्त वेळा पडायला हव्यात. चिप त्या कललेल्या फाशासारखी वागते का, एवढंच पाहायचं होतं.

ते पाहण्याची पद्धत म्हणजे क्रॉस-एन्ट्रॉपी गुणांक. पडलेल्या प्रत्येक ओळीची आदर्श शक्यता नेहमीच्या संगणकावर काढायची, सरासरी घ्यायची आणि ती ठरावीक मापात बसवायची. चिप निव्वळ गोंगाट करत असेल तर गुण शून्य, बिनचूक चालली तर एक. सिकॅमोरचा गुण होता सुमारे ०.००२. म्हणजे ढोबळमानाने हजारांत दोन ओळी खऱ्या सर्किटच्या, बाकी गोंगाट. हे ऐकून हसू नका. हजारहून जास्त गेट्समधून ५३ क्युबिट नेऊनही शून्यापासून स्पष्ट वेगळा आकडा येणं ही अभियांत्रिकीची मोठी मजल होती. मात्र एक खोच आहे: पूर्ण २० थरांच्या सर्किटसाठी त्या शक्यता काढणं तेव्हा आवाक्याबाहेर होतं. म्हणून काही गेट्स वगळलेल्या सोप्या सर्किटवर गुण काढला आणि पूर्ण सर्किटचा गुणही तसाच असेल, असं धरलं.

आता खरी मेख. २०० सेकंद घड्याळावर मोजलेले आहेत. १०,००० वर्षं कुणीच मोजलेली नाहीत. समिट या महासंगणकावर त्या वेळी माहीत असलेल्या पद्धतीने किती वेळ लागेल, याचा तो अंदाज होता. "नेहमीच्या संगणकाला हे जमणारच नाही" असं कुणीही सिद्ध केलेलं नाही. चांगली पद्धत सापडली की अंदाज कोसळतो, आणि चिपमध्ये मात्र काहीच बदललेलं नसतं.

तसंच झालं. आयबीएमने लगेच हिशोब मांडला: क्युबिटांची सगळी क्वांटम अवस्था मेमरीबरोबर डिस्कवरही साठवली तर समिटला अडीच दिवस पुरतील. हाही अंदाजच, चालवून दाखवलेलं काही नव्हतं. पुढे फेंग पान आणि सहकाऱ्यांनी ५१२ जीपीयूंवर सुमारे १५ तासांत १० लाख ओळी खरोखर काढल्या, आणि त्यांचा गुण सिकॅमोरपेक्षा जास्त, सुमारे ०.००३७ होता. त्यांनी सर्किट गणिताच्या जाळ्यासारखं मांडून ते जाळं काही ठिकाणी तोडलं. त्यामुळे अचूकता घटली, पण काम खूप हलकं झालं. हे चाललं कारण चिपचाच गुण ०.००२ होता. प्रतिस्पर्ध्यालाही तेवढंच अचूक असायची गरज! चिपचा गोंगाट नेहमीच्या संगणकाचं काम सोपं करतो, ही टीका मला सगळ्यांत वजनदार वाटते. २०२२ मध्ये आहारोनोव्ह, वझिरानी आणि सहकाऱ्यांनी तिला सिद्धांताचं बळ दिलं: प्रत्येक गेटमधला गोंगाट ठरावीक राहिला, तर सर्किट मोठं होत जाताना अशा सॅम्पलिंगची नक्कल बहुपदी वेळात, म्हणजे काम घातांकी वेगाने न फुगता, करता येते. ती पद्धत सिकॅमोरसाठी व्यवहारात उपयोगी नाही, पण "क्युबिट वाढवत राहू, दरी आपोआप रुंदावेल" या आशेला तिने खीळ घातली.

"याचा उपयोग काय?" ही टीका सगळ्यांत लोकप्रिय आणि मला सगळ्यांत कंटाळवाणी. उपयोगासाठी हे काम निवडलंच नव्हतं. चिपला सोपं आणि नक्कल करायला अवघड, एवढीच निवडीची अट होती.

डिसेंबर २०२४ मध्ये गूगलची विलो चिप आली तेव्हा तोच गोंधळ नव्या आकड्यासह परतला. ५ मिनिटांच्या आत विरुद्ध १ वर २५ शून्यं इतकी वर्षं. त्याच घोषणेत त्रुटी-सुधारणेचा, म्हणजे अनेक क्युबिट एकत्र वापरून चुका पकडून दुरुस्त करण्याचा, निकालही होता, आणि तो माझ्या मते जास्त महत्त्वाचा. पण वर्षांचा तो आकडा त्रुटी-सुधारणेतून आलेला नाही. तो सॅम्पलिंगचा आहे, आणि ते सॅम्पलिंग त्रुटी न सुधारलेल्या साध्या क्युबिटवरच केलेलं होतं.