तुमच्या ऑफिसचा हीट लोड अहवाल कसा वाचायचा

आमच्याकडून एसीचे कोटेशन घेतलेत की त्याला चार-पाच पानांचा हीट लोडचा, म्हणजे एसीला ऑफिसातून किती उष्णता बाहेर काढावी लागेल त्याच्या हिशेबाचा, अहवाल जोडलेला असतो. बहुतेक ग्राहक शेवटच्या पानावरचा टनांचा आकडा बघतात आणि तो दुसऱ्या कोटेशनशी ताडून पाहतात. आधीच्या पानांवर लिहिलेल्या गोष्टी मात्र तुमच्याच ऑफिसबद्दल असतात: माणसे किती, दिवे कोणते, काच कुठल्या दिशेला. त्यातले काही चुकले असेल तर ते आमच्याआधी तुमच्या लक्षात येईल. हे पत्रक त्यासाठीच लिहिले आहे.

उदाहरणासाठी पुण्यातला एक मजला घेऊ. पाच मजली इमारतीतला तिसरा मजला, कार्पेट एरिया ३,६०० चौरस फूट, म्हणजे सुमारे ३३४ चौरस मीटर. वर आणि खाली एसी असलेली ऑफिसे, त्यामुळे छतातून येणारी उष्णता धरायची गरज नाही. पश्चिमेला ४० चौरस मीटर साधी काच, दक्षिणेला १४. ग्राहकाच्या हातात आधीच २४ टनांचे एक कोटेशन होते. ‘दीडशे चौरस फुटाला एक टन’ या बाजारातल्या ठोकताळ्याने ३,६०० भागिले १५० केले की बरोबर २४ येतात. आमचा अहवाल १४ टनांचा होता. एवढा फरक पाहून त्यांनी विचारले, “तुम्ही काही विसरलात का?” प्रश्न योग्यच होता. म्हणून त्यांच्यासमोर बसून एकेक ओळ तपासली.

अहवालाच्या सुरुवातीलाच कोणत्या वेळेचा हिशेब आहे ते लिहिलेले असते. इथे मे महिन्यातली दुपारी चारची वेळ, बाहेर ३९ अंश, आत २४ अंश. ही ओळ ओलांडून पुढे जाऊ नका. प्रत्येक खिडकीचा सर्वांत वाईट क्षण वेगळा असतो आणि ते सगळे क्षण एकत्र बेरजेत धरले तर कधीच न येणारा दिवस तयार होतो. दक्षिणेची काच पाहा. मेच्या मध्यावर पुण्यात शून्य सावलीचा दिवस येतो आणि त्यानंतर जुलैअखेरपर्यंत दुपारचा सूर्य डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो. त्यामुळे मे महिन्यात दक्षिणेच्या काचेवर थेट ऊन जवळपास पडतच नाही. तिथे ऊन खरे डिसेंबरात येते. ज्या अहवालात दक्षिणेचे डिसेंबरचे ऊन आणि पश्चिमेचे मेचे ऊन एकाच बेरजेत दिसेल, तो परत पाठवा.

आता माणसे. बसून काम करणाऱ्या माणसाकडून सुमारे १३० वॅट उष्णता खोलीत येते. त्यातले ७५ वॅट हवा तापवतात आणि ५५ वॅट घाम व श्वासातल्या बाष्पाच्या रूपाने येतात. ४५ माणसांचे ५.९ किलोवॅट होतात. चूक होते ती मीटिंग रूमशी. बारा खुर्च्यांची मीटिंग रूम असली की काही जण ४५ अधिक १२ असे ५७ मांडतात. पण मीटिंगला बसणारे आपल्याच टेबलांवरून उठून येतात. त्या खोलीचा स्वतःचा एसी किंवा डक्टचा फाटा १२ माणसांना पुरेल एवढा हवाच, मात्र मजल्याच्या एकूण बेरजेत ती १२ माणसे पुन्हा येत नाहीत. बाहेरून पाहुणे किंवा प्रशिक्षणार्थी नियमित येत असतील तर ते आम्हाला आधी सांगा, कारण नकाशात ते दिसत नाहीत.

दिव्यांची ओळ छोटी आहे. ३६ वॅटचे ६४ एलईडी पॅनल, एकूण २.३ किलोवॅट. ट्यूबलाइटच्या काळातला चौरस फुटाला दीड वॅटचा आकडा कोणी अजून वापरत असेल तर इथेच ५.४ किलोवॅट लिहिलेले सापडेल.

उपकरणांच्या बाबतीत मागच्या स्टिकरवरचा आकडा आणि प्रत्यक्ष वापर यांत मोठा फरक असतो. स्टिकरवर उपकरण जास्तीत जास्त किती वीज ओढू शकेल ते लिहितात. ऑफिसातली नेहमीची उपकरणे प्रत्यक्षात बऱ्याचदा त्याच्या पाव ते निम्मीच ओढतात. म्हणून आम्ही लॅपटॉप आणि मॉनिटर मिळून टेबलामागे ६५ वॅट धरतो, जमेल तिथे प्लगला मीटर लावून खात्रीही करतो. ४५ टेबलांचे २.९, प्रिंटर वगैरेंचे ०.६ आणि पँट्रीचे ०.८, असे मिळून ४.३ किलोवॅट. सर्व्हरचा रॅक यात नाही. तो चोवीस तास चालतो, त्यामुळे त्याचा एसी आणि त्याचा हिशेब आम्ही वेगळा ठेवतो.

या मजल्याचा खरा प्रश्न पश्चिमेच्या काचेचा होता. मेमध्ये दुपारी चारला तिच्यावर चौरस मीटरमागे सुमारे ७०० वॅट ऊन येते. साधी काच त्यातले ८० टक्के आत सोडते. ४० चौरस मीटरचे २२.४ किलोवॅट झाले, म्हणजे सगळी माणसे, दिवे आणि उपकरणे एकत्र केली तरी याच्या जवळ येत नाहीत. आतून फिकट रंगाचे ब्लाइंड्स बंद असतील तर काही ऊन काचेतूनच परत जाते आणि आकडा १४.६ वर येतो. फरशी आणि फर्निचर ही उष्णता थोडा वेळ धरून ठेवतात आणि आमचा संगणकावरचा हिशेब तो उशीरही मोजतो. इथे समजायला सोपे जावे म्हणून तो सोडला आहे.

अहवालात काचेच्या ओळीपुढे ‘ब्लाइंड्स बंद’ असे लिहिलेले आहे. त्या दोन शब्दांची किंमत ७.८ किलोवॅट, म्हणजे सव्वादोन टनांहून थोडी कमी आहे. चार वाजता ब्लाइंड्स उघडेच राहणार असतील तर आमचा आकडा तुमच्या ऑफिसला लागू होत नाही. त्यामुळे सही करण्याआधी पश्चिमेच्या रांगेत बसणाऱ्यांना विचारून घ्या. खिडकीजवळ गरम आणि आत थंडी वाजते अशी तक्रार आली की आम्ही सर्वांत आधी ब्लाइंड्सच बघतो.

बाकीच्या ओळी थोडक्यात: काचेतून केवळ तापमानाच्या फरकामुळे येणारी उष्णता ४.७ किलोवॅट, दक्षिणेच्या काचेवरचा विखुरलेला प्रकाश १.१, भिंती १.५ आणि फ्रेश एअर, म्हणजे बाहेरून आत घेतलेली ताजी हवा, ३.६. सगळी बेरीज ३८ किलोवॅट होते. एक टन म्हणजे ३.५१७ किलोवॅट, म्हणून हे १०.८ टन झाले.

यापुढचे पान मार्जिनचे, म्हणजे हिशेबापेक्षा वर धरलेल्या जादा क्षमतेचे, असते आणि कोटेशनांमधले मोठे फरक बहुधा तिथेच तयार होतात. मार्जिन एकदाच, शेवटी आणि उघडपणे धरायचे, असा आमचा नियम आहे. होते असे की माणसे मोजणारा १० टक्के वाढवतो, उपकरणे मांडणारा स्टिकरचा आकडा घेतो, डक्टवाला आणखी १० टक्के घालतो आणि शेवटी कोणीतरी ‘सेफ्टी’ म्हणून पुन्हा १० टक्के चढवतो. १० टक्के चार वेळा चढवले तर ४६ टक्के होतात आणि ते अहवालात कुठेच एका जागी दिसत नाहीत. एसीच्या पंख्याची उष्णता हे मात्र मार्जिन नाही. ती खरी आहे, म्हणून आम्ही तिचे १.७ किलोवॅट वेगळ्या ओळीत लिहितो. ३९.७ वर १० टक्के धरले की ४३.७ किलोवॅट, म्हणजे १२.४ टन.

मग कोटेशनमध्ये १४ टन का? मशीनवरची क्षमता बाहेर ३५ आणि आत २७ अंशांवर मोजलेली असते. बाहेर ३९ आणि आत २४ असताना तेच मशीन कमी थंडावा देते. साडेपाच आणि साडेआठ टनांची दोन डक्टेबल मशीने मिळून १४ टनांची, पण उत्पादकाच्या तक्त्यात आपल्या तापमानांना त्यांची क्षमता साधारण १२.५ टन भरते. तो तक्ता आम्ही अहवालाला जोडतो. जोडलेला नसेल तर मागून घ्या.

“जास्तीचा एसी असला तर बिघडले कुठे, लवकर थंड होईल,” असे त्या ग्राहकाने म्हटले. उत्तरासाठी त्याच मजल्याचा जुलैतला हिशेब पाहावा लागतो. मेमध्ये पुण्याची हवा इतकी कोरडी असते की फ्रेश एअरबरोबर बाष्पाचा बोजा येत नाही. जुलैत बाहेर २८ अंशच असतात, पण हवा बाष्पाने भरलेली. तेवढ्याच फ्रेश एअरमधून साडेपाच किलोवॅटचे बाष्प आत येते. ऊन कमी झाल्याने एकूण लोड २४ किलोवॅटच्या आसपास उतरतो आणि त्यातला एक तृतीयांश नुसत्या बाष्पाचा असतो. मेमध्ये हाच वाटा सात टक्क्यांच्या आत होता. २४ टनांचे साधे, एकाच वेगाचे मशीन अशा दिवशी थोडा वेळ चालते, २४ अंश गाठते आणि थंडावा देणे थांबवते, पंखा मात्र चालू राहतो. एसीतल्या थंड कॉइलवर जमलेले पाणी निथळून जायच्या आत पंख्याच्या हवेने पुन्हा खोलीत येते. इन्व्हर्टर मशीन वेग कमी करून हे बरेच सावरते, पण त्यालाही एक किमान वेग असतो.

हे होत असल्याच्या खुणा सहज दिसतात. रिमोटवर २४ दिसते तरी अंग चिकट वाटते, प्रिंटरमधला कागद मऊ पडून अडकतो, सोमवारी सकाळी कार्पेटला कुबट वास येतो. मग कोणीतरी २१ लावते आणि ग्रिलच्या कडेला पाण्याचे थेंब दिसू लागतात. अशा तक्रारीला एसी कमी पडतोय असे समजून आणखी एक मशीन बसवलेले आम्ही पाहिले आहे.

त्या मजल्यासाठी आम्ही एक दुसरा हिशेबही दिला होता. पश्चिमेच्या काचेला ४० टक्केच उष्णता आत सोडणारी फिल्म लावली तर तिथले १४.६ किलोवॅट ८.४ वर येतात आणि पंख्यासकट एकूण गरज ९.५ टनांवर. साडेपाच टनांची दोन मशीने आपल्या तापमानांना ९.८ टन देतील, म्हणजे मार्जिन जेमतेम तीन टक्के उरते. फिल्ममुळे काच जास्त तापते, त्यामुळे काचेच्या कडा आधी तपासून घ्याव्या लागतात, नाहीतर तडा जाऊ शकतो.

ग्राहकांनी दोन वर्षांत दहा जागा वाढवायच्या आहेत असे सांगितले. दहा माणसे, त्यांची टेबले आणि त्यांची फ्रेश एअर मिळून २.४ किलोवॅट होतात. ११ टनांच्या जोडीला ते झेपले नसते. १४ टनांच्या जोडीवर मात्र फिल्म न लावताही ते बसतात आणि चार टक्क्यांहून थोडे जास्त मार्जिन शिल्लक राहते. त्यांनी १४ टन घेतले आणि फिल्मचा खर्च नव्या जागा भरेपर्यंत पुढे ढकलला. अहवालाच्या त्या पानावर आम्ही ‘५५ माणसे, ब्लाइंड्स बंद’ असे लिहून दोघांच्या सह्या घेतल्या.