डेस्कटॉप स्पीकरची जोडणी

डेस्कटॉप संगणकासाठीचे स्पीकर मुख्यतः दोन प्रकारांत मिळतात: दोन पेट्यांचा स्टिरिओ संच, म्हणजे २.०, आणि दोन लहान पेट्यांसोबत एक सबवूफर असलेला २.१ संच. बिंदूच्या आधीचा आकडा मुख्य चॅनलचा, नंतरचा सबवूफरचा. संगणकाकडून मात्र दोन्ही संचांना डावा आणि उजवा असे दोनच सिग्नल जातात. २.१ साठी वेगळा तिसरा सिग्नल निघत नाही. जोडणीतल्या बऱ्याच चुका हे माहीत नसल्यामुळे होतात.

२.१ संचात ॲम्प्लिफायर बहुधा सबवूफरच्या पेटीतच असतो. तिथलाच फिल्टर दोन्ही चॅनलमधला खालचा भाग, साधारण १०० ते २०० हर्ट्झच्या खालचा, वेगळा काढून सबवूफरला देतो आणि उरलेला आवाज दोन लहान पेट्यांकडे पाठवतो. या पेट्यांतला स्पीकर जेमतेम दोन-तीन इंचांचा असतो, त्याला खर्ज पेलवत नाही. तोटा असा, की फिल्टरची सीमा फार वर असेल तर पुरुषाच्या आवाजाचा खालचा भागही टेबलाखालून येतो आणि बातम्या ऐकताना निवेदक डब्यातून बोलल्यासारखा वाटतो. म्हणून बोलणे, शास्त्रीय गायन किंवा ऑनलाइन वर्गासाठी चार इंची स्पीकरचा बरा २.० संच घ्यावा. खेळ आणि चित्रपटांसाठी २.१. स्वस्तातल्या सबवूफरची धडधड म्हणजे खोल खर्ज नव्हे.

कॅबिनेटच्या मागच्या ३.५ मिमी जॅकचे रंग मायक्रोसॉफ्ट आणि इंटेल यांच्या ‘पीसी ९९’ या आराखड्यातून रूढ झाले. हिरवा जॅक पुढच्या स्पीकरचा, गुलाबी मायक्रोफोनचा, फिकट निळा बाहेरून आवाज आत घेण्याचा. पाच-सहा जॅक असतील तर काळा मागच्या स्पीकरचा, नारिंगी मधल्या स्पीकरचा व सबवूफरचा आणि करडा बाजूच्या स्पीकरचा. तीनच जॅक असलेल्या अनेक मदरबोर्डांवर ५.१ ची निवड केल्यावर निळा आणि गुलाबी जॅकही आवाज बाहेर देऊ लागतात.

२.० असो वा २.१, संचाची पिन हिरव्या जॅकमध्येच जाते. नारिंगी जॅकपाशी सबवूफरचे नाव वाचून २.१ ची पिन तिथे घालण्याची चूक वारंवार होते. विंडोजमध्ये स्टिरिओ निवडलेले असेल तर तिथून काहीच ऐकू येत नाही. ५.१ निवडलेले असेल तर प्रकार आणखी गमतीचा होतो: या जॅकवर सहसा पिनच्या टोकाला मधला चॅनल आणि मधल्या कड्याला सबवूफरचा चॅनल मिळतो. त्यामुळे चित्रपटातले संवाद फक्त डाव्या पेटीतून येतात आणि उजवी नुसती गुरगुरते. संच बिघडलेला नसतो. पिन हिरव्यात घालावी, मग विंडोजच्या Run मध्ये `mmsys.cpl` चालवून आवाजाच्या सेटिंगची खिडकी उघडावी, तिथे Playback मध्ये स्पीकर निवडावा आणि Configure मधून Stereo ठेवावे. २.१ साठीही Stereo हेच बरोबर. तिथेच Test दाबून डावे-उजवे तपासावे. उलटे आले तर सबवूफरमागच्या दोन पेट्यांच्या वायरी अदलाबदल कराव्यात.

जोडताना वीज बंद ठेवावी. आधी पेट्या सबवूफरला, मग हिरवी पिन, शेवटी वीज. पिन ‘टक’ होईपर्यंत आत गेली पाहिजे. गाण्यात वाद्ये ऐकू येतात पण गायक गायब, असे झाले तर पिनची ग्राउंडची बाजू नीट टेकलेली नाही असे समजावे. गायकाचा आवाज दोन्ही चॅनलमध्ये सारखा असतो, आणि ग्राउंड सुटल्यावर दोन चॅनलमधला फरक तेवढा उरतो.

दोन पेट्या आणि ऐकणाऱ्याचे डोके यांचा समभुज त्रिकोण व्हावा, पेट्या कानाच्या उंचीला याव्यात. सबवूफर जमिनीवर ठेवावा, पण भिंतींच्या कोपऱ्यात नको. तिथे खर्ज फुगतो.

सतत ‘हम्म’ येत असेल तर पिन काढून बॅटरीवर चालणाऱ्या मोबाइलला लावून पाहावी. घरघर थांबली तर दोष संगणक आणि स्पीकर यांच्या अर्थिंगमधल्या फेऱ्याचा आहे. दोघांना एकाच एक्स्टेंशन बोर्डवरून वीज दिल्यास तो बऱ्याचदा जातो. मोबाइलवरही तीच घरघर राहिली तर वायर किंवा संचाचा ॲम्प्लिफायर तपासावा.