उत्प्रेरक म्हणजे ठिणगी नव्हे

परवा एका अर्थविषयक बातमीत वाचलं की व्याजदर कपात ही बाजारातल्या तेजीची "उत्प्रेरक" ठरली. त्याच आठवड्यात दुसरीकडे एक भाषण आंदोलनाचं कॅटॅलिस्ट झालं होतं आणि तिसरीकडे एक पराभव पक्षफुटीचा. तिन्ही ठिकाणी सांगायचं एवढंच होतं की अमुक झालं म्हणून तमुक झालं, आणि त्यासाठी मराठीत कारण, निमित्त, ठिणगी असे चांगले शब्द आहेत. शब्दाचा अर्थ पसरतो, बदलतो, त्याला माझी हरकत नाही. पण या वापरामुळे शाळेत आधीच अर्धवट कळलेली गोष्ट डोक्यात पूर्णच उलटी बसते, म्हणून लिहितोय.

शाळेत आपण काय पाठ केलं होतं? उत्प्रेरक अभिक्रियेचा वेग वाढवतो पण स्वतः अभिक्रियेत भाग घेत नाही. यातला पहिला अर्धा भाग ठीक आहे, दुसरा चूक आहे. उत्प्रेरक भाग घेतो, चांगला हात घालून घेतो, फक्त शेवटी जसा होता तसा परत मिळतो. हे नीट कळायला एकच अभिक्रिया धरू, हायड्रोजन पेरॉक्साइडची.

मेडिकलमध्ये जखम धुवायला मिळतं ते ३ टक्के पेरॉक्साइड. हा रेणू मुळात अस्थिर आहे, त्याला पाणी आणि ऑक्सिजन व्हायचंच असतं आणि तसं होताना ऊर्जाही बाहेर पडते. तरीही बंद बाटलीत ते महिनोन् महिने टिकतं, कारण मध्ये डोंगर आहे. दोन ऑक्सिजन अणूंमधला बंध आधी ताणावा, तोडावा लागतो आणि त्यासाठी सुरुवातीला ऊर्जा लागते, तिलाच सक्रियण ऊर्जा म्हणतात. पेरॉक्साइडसाठी ती मोलमागे साधारण ७५ किलोज्यूल आहे. खोलीच्या तापमानाला एवढी ऊर्जा असलेले रेणू फारच थोडे, त्यामुळे विघटन चालू असतं पण रांगत.

आता यात चिमूटभर पोटॅशियम आयोडाइड टाकलं की द्रावण लगेच फसफसायला लागतं. आयोडाइड बाजूला उभं राहून टाळ्या वाजवत नाही, ते पेरॉक्साइडशी खरोखर रासायनिक अभिक्रिया करतं, दोन पायऱ्यांमध्ये:

H₂O₂ + I⁻ → H₂O + IO⁻

H₂O₂ + IO⁻ → H₂O + O₂ + I⁻

पहिल्या पायरीत आयोडाइड पेरॉक्साइडचा एक ऑक्सिजन स्वतःकडे घेतो आणि हायपोआयोडाइट होतो, म्हणजे त्या क्षणी तो आयोडाइड राहिलेलाच नसतो. दुसऱ्या पायरीत हे हायपोआयोडाइट पेरॉक्साइडच्या दुसऱ्या रेणूला भेटतं, ऑक्सिजन वायू सुटतो आणि आयोडाइड परत मोकळा, पुढच्या फेरीला तयार. दोन्ही ओळींची बेरीज केली की आयोडाइड दोन्ही बाजूंनी कटतो आणि उरतं फक्त पेरॉक्साइडचं विघटन. बेरजेत तो दिसत नाही म्हणून "भाग घेत नाही" असं वाटतं, गफलत होते ती इथेच. तो भाग घेतो याचा पुरावा हवा असेल तर आयोडाइड दुप्पट टाका, वेग जवळपास दुप्पट होतो. नुसत्या हजेरीने काम होत असतं तर असा सरळ हिशोब लागला नसता. शिवाय द्रावणात मध्येच पिवळट तपकिरी छटा येताना दिसते, ती बाजूच्या एका अभिक्रियेत तयार झालेल्या आयोडीनची.

या नव्या वाटेची सक्रियण ऊर्जा साधारण ५६ किलोज्यूल आहे. फरक १९ चा, आणि तो किरकोळ वाटतो, पण वेग त्याच्यावर घातांकी पद्धतीने अवलंबून असतो. २५ अंश सेल्सिअसला बाकी सगळं तेच धरून हिशोब केला, म्हणजे १९ ला वायुस्थिरांक गुणिले तापमान याने, साधारण २.४८ ने भागलं, तर ७.७ येतात आणि e चा ७.७ वा घात म्हणजे दोन हजारांच्या वर, वेग तेवढ्या पटींनी वाढतो. (घातांक नको असतील त्यांनी हे सोडून दिलं तरी चालेल, मला मात्र यात दरवेळी मजा येते.) आणि डोंगर बुटका झालेला नाही हेही लक्षात घ्या. जुनी वाट तिथेच आहे, तेवढीच उंच, आयोडाइडने शेजारी एक खिंड उघडून दिलीय आणि आता बहुतेक रेणू तिकडून जातात.

आता बातमीतल्या वापराला खरा धक्का बसतो ती गोष्ट. १०० मिलिलिटर ३ टक्के पेरॉक्साइडमधून खोलीच्या तापमानाला साधारण १ लिटर ऑक्सिजन निघतो. आयोडाइड चिमूटभर टाका, चमचाभर टाका किंवा काहीच न टाकता नुसती वाट बघत बसा, शेवटी निघणार तो तेवढाच १ लिटर. उष्णताही एकूण तेवढीच. प्रयोगात भांडं गरम होतं, वाफा दिसतात आणि वाटतं आयोडाइडने ताकद दिली, पण आधी जी उष्णता महिनोन् महिने हळूहळू निसटून जायची ती आता काही मिनिटांत निघाली म्हणून तापमान चढलं, बाकी काही नाही. जे होणारच नव्हतं ते उत्प्रेरक घडवू शकत नाही. पाण्यात ऑक्सिजन सोडा आणि हवं तेवढं आयोडाइड टाका, पेरॉक्साइड तयार होणार नाही.

म्हणून "खास कॅटॅलिस्ट टाकला की गाडी पाण्यावर धावते" असे व्हिडिओ आले की सरळ पुढे जा. पाणी हे हायड्रोजन जळून झालेली राख आहे. ते परत फोडायला २५ अंशांना निदान १.२३ व्होल्टचा दाब द्यावाच लागतो, प्लॅटिनमसारखा उत्तम उत्प्रेरक त्याच्या वर लागणारा जादाचा दाब कमी करतो पण १.२३ च्या खाली कोणीच नेऊ शकत नाही, आणि तो हायड्रोजन परत जाळून मिळते ती ऊर्जा फोडायला लागली त्याहून जास्त कधीच नसते.

गंमत म्हणजे बातमीतला अर्थ शब्दाच्या जन्माच्या वेळच्या समजुतीशी बराच जुळतो. १८३५ मध्ये स्वीडिश रसायनशास्त्रज्ञ बर्झेलियसने "कॅटॅलिसिस" हा शब्द आणला तेव्हा त्याला वाटत होतं की काही पदार्थ नुसत्या हजेरीने इतरांमधली झोपलेली ओढ जागी करतात. नंतर ओस्टवाल्ड या रसायनशास्त्रज्ञाने ही गूढ शक्ती काढून टाकली आणि म्हटलं की प्रश्न वेगाचा आहे, त्या कामासाठी त्याला १९०९ चं नोबेलही मिळालं. बातम्या अजून १८३५ मध्येच आहेत.

आणि जी गोष्ट अभिक्रिया सुरू करून देते आणि त्यात स्वतः खर्च होते तिला रसायनशास्त्रात वेगळं नाव आहे, इनिशिएटर, म्हणजे आरंभक. प्लास्टिक बनवताना पेरॉक्साइडवर्गातली काही संयुगं तुटून साखळी सुरू करून देतात आणि त्यांचे तुकडे साखळीच्या टोकाला कायमचे अडकतात, ती परत मिळत नाहीत. भाषणाने आंदोलन पेटलं तर भाषण हे असं आरंभक आहे. उत्प्रेरक म्हणायचंच असेल तर असा मध्यस्थ घ्या ज्याच्यामुळे वर्षानुवर्षं रखडलेला, दोघांनाही मुळात हवाच असलेला समझोता आठवड्यात होतो, अटी त्याने बदललेल्या नसतात, आणि सह्या झाल्या की तोच माणूस दुसऱ्या दिवशी पुढच्या दोघांकडे जातो.