शोलापूर ते लंडन: समुद्राखालच्या तारेत टिंब आणि रेघ कशी तगली

मुंबईहून निघालेली जीआयपी रेल्वे 1860 साली सोलापूरला पोहोचली. रुळांच्या कडेने खांब होते आणि खांबांवर तार होती, कारण पुढच्या स्टेशनावर गाडी सुटल्याचं कळवल्याशिवाय एकेरी रुळावर गाड्या चालवणं धोक्याचं होतं. या भागातल्या कापसाचा भाव मुंबईत ठरे आणि मुंबईचा लिव्हरपूलवर. मुंबईपर्यंत तारेने निरोप जाणं ही त्या काळातही फार नवलाची गोष्ट राहिली नव्हती. नवलाची गोष्ट पुढे होती. मुंबईच्या किनाऱ्यावर जमीन संपते, तिथून इंग्लंडपर्यंतचा निरोप मिनिटांत कसा जायचा?

साधारण समज असा की वीज वेगवान असते, म्हणून निरोपही झटकन पोहोचला. जमिनीवरच्या तारेपुरतं हे बरंचसं खरं आहे. समुद्राखालच्या तारेत मात्र याच समजुतीवर विसंबलेल्या लोकांनी एक अख्खी केबल जाळून टाकली.

आधी जमिनीवरचा हिशेब पाहू. मोर्सच्या लिपीत सगळा खेळ वेळेचा आहे. टिंब म्हणजे एक मात्रा, रेघ म्हणजे तीन मात्रा. एकाच अक्षरातल्या दोन खुणांमध्ये एक मात्रा थांबायचं, दोन अक्षरांमध्ये तीन, दोन शब्दांमध्ये सात. इंग्रजीत सगळ्यात जास्त येणाऱ्या ‘ई’ला एकच टिंब आणि ‘टी’ला एकच रेघ दिली आहे. आज जगभर वापरली जाते ती लिपी मोर्सच्या मूळ लिपीत जर्मनीच्या गेर्केने 1848 साली सुधारणा करून तयार झाली आणि 1865 साली पॅरिसच्या परिषदेत आंतरराष्ट्रीय तारांसाठी मान्य झाली.

सोलापूरचं नाव तेव्हा इंग्रजीत ‘एस’च्या पुढे ‘एच’ घालून, म्हणजे शोलापूर असं लिहीत. ते असं वाजतं:

```
... .... --- .-.. .- .--. ..- .-.
```

खुणा आणि मधल्या जागा धरून मोजलं तर 83 मात्रा होतात. मिनिटाला वीस शब्द पाठवणाऱ्या सराईत तारबाबूची एक मात्रा सेकंदाच्या सोळाव्या-सतराव्या हिश्शाएवढी असते. म्हणजे गावाचं नाव पाच सेकंदांत मुंबईला. खांबांवरची तार हवेत टांगलेली असते, तिच्या एका टोकाला बटण दाबलं की दुसऱ्या टोकाचं यंत्र लगेच टकटकतं आणि बटण सोडलं की लगेच थांबतं. कट्ट आणि कडकट्ट यांतला फरक कानाला स्पष्ट कळतो.

समुद्राखालची केबल वेगळी असते. आत तांब्याची तार, तिच्याभोवती गटापर्चा नावाचा झाडाचा चीक आणि बाहेर खारं पाणी. दोन वाहक आणि मध्ये विद्युतरोधक, म्हणजे विजेच्या भाषेत हजारो किलोमीटर लांबीचा कपॅसिटरच, वीज साठवून ठेवणारा, झाला. या टोकाने वीज सोडली की आधी ती केबल भरण्यात खर्च होते, दुसऱ्या टोकाला प्रवाह हळूहळू चढतो आणि बटण सोडल्यावर हळूहळूच उतरतो. कच्च्या रंगाची चादर धुतल्यावर एका पट्ट्याचा रंग शेजारच्या पट्ट्यात उतरावा, तशी एका खुणेची शेपटी पुढच्या खुणेवर चढते. आखूड टिंब आणि लांब रेघ हा भेद मग उरतच नाही. पलीकडे पोहोचतो तो नुसता गढूळ चढउतार.

विल्यम थॉमसन, म्हणजे पुढे लॉर्ड केल्विन झाले ते, यांनी 1850 च्या दशकाच्या मध्यावरच गणित करून दाखवलं होतं की हा उशीर लांबीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. केबल दुप्पट लांब केली की निरोपाचा वेग निम्मा नव्हे, चौथाई होतो. अटलांटिक केबलचे विद्युततज्ज्ञ वाइल्डमन व्हाइटहाउस यांना हे पटलं नाही. ते पेशाने डॉक्टर होते आणि प्रयोगांवर त्यांचा भरवसा थॉमसनच्या गणितापेक्षा जास्त होता. 1858 च्या ऑगस्टमध्ये पहिली अटलांटिक केबल जोडली गेली, तेव्हा राणी व्हिक्टोरियाचा 98 शब्दांचा निरोप पार व्हायला सुमारे सोळा तास लागले. व्हाइटहाउसनी त्यावर उपाय केला तो जोर वाढवण्याचा. दोन हजार व्होल्टच्या आसपासचा दाब दिल्याने मुळात सदोष असलेली केबल आणखी खराब झाली आणि तीनेक आठवड्यांत मुकी झाली. एवढ्या खर्चाचा हा धडा, पण शिकवायला दुसरा कुणी मास्तरही नव्हता.

थॉमसनचा मार्ग उलटा होता. जोर कमी ठेवायचा आणि पलीकडचा डोळा तीक्ष्ण करायचा. त्यांच्या आरसा-गॅल्व्हॅनोमीटरमध्ये रेशमाच्या धाग्याला एक इवलासा आरसा टांगलेला असे आणि त्याच्या पाठीला बारीक चुंबक चिकटवलेले. किंचित प्रवाह आला तरी आरसा वळे आणि दिव्याच्या उजेडाचा ठिपका समोरच्या पट्टीवर डावीकडे किंवा उजवीकडे सरके. आणि इथेच लिपीत तो बदल शक्य झाला, ज्याला माझ्या मते या सगळ्या कहाणीत मिळायला हवं तेवढं श्रेय मिळत नाही. टिंब आणि रेघ यांचा भेद लांबीचा राहिला नाही, दिशेचा झाला. धन प्रवाह म्हणजे टिंब, ऋण प्रवाह म्हणजे रेघ, आणि दोन्ही सारख्याच लांबीचे.

याने काय साधलं ते पुन्हा आपल्या गावाच्या नावावर मोजून पाहू. शोलापूरमध्ये एकूण 26 खुणा आहेत. प्रत्येकीला एक ठोका आणि आठ अक्षरांमधल्या सात मोकळ्या जागांना एकेक ठोका धरला तर 33 होतात. जमिनीवर 83 आणि समुद्रात 33. केबल किती बारीक ठोका सहन करते याला निसर्गाचीच मर्यादा होती, तेव्हा ठोक्यांची संख्या कमी करणं हाच वेग वाढवायचा हुकमी मार्ग होता. शिवाय टिंबानंतर रेघ आली की तिचा उलटा प्रवाह आधीची साचलेली वीज काढून घ्यायलाही मदत करी. 1866 ची अटलांटिक केबल मिनिटाला आठेक शब्द नेऊ लागली.

मुंबई ते एडन ही केबल लांबीला जवळजवळ अटलांटिकएवढीच. ‘ग्रेट ईस्टर्न’ या अजस्र जहाजाने ती 1870 च्या फेब्रुवारीत टाकली. त्याच वर्षी जूनमध्ये साखळी पूर्ण झाली: मुंबई, एडन, सुएझ, तिथून जमिनीवरून अलेक्झांड्रिया, मग माल्टा, जिब्राल्टर, लिस्बनजवळचा किनारा आणि शेवटी इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाला पोर्थकर्नो. एवढे थांबे कशाला, असं वाटेल. उत्तर थॉमसनच्या वर्गाच्या नियमात आहे. केबलचे दोन समान तुकडे केले की प्रत्येक तुकडा चौपट वेगाने चालतो. थांब्यावर माणूस बसवावा लागला तरी व्यवहार फायद्याचाच.

माणूस मात्र खराच बसवावा लागे. एडनचा कारकून उजेडाचा ठिपका पाहून अक्षरं सांगे, दुसरा लिहून घेई आणि तिसरा पुढच्या केबलवर ठोके देई. पुढे थॉमसनच्याच सायफन रेकॉर्डरने ठिपक्याची जागा घेतली. केसासारख्या बारीक काचेच्या नळीतून शाई सरकत्या कागदाच्या फितीवर पडे आणि एक नागमोडी रेष उमटे, वर गेली तर टिंब, खाली गेली तर रेघ. ती वाचणं हे कसबाचं काम. एकाच दिशेचे ठोके सलग आले की वेगवेगळी शिखरं दिसत नाहीत, एकच लांबट उंचवटा दिसतो आणि त्याच्या रुंदीवरून किती टिंबं ते ठरवावं लागतं. शोलापूरची सुरुवातच अशी अवघड आहे: ‘एस’ची तीन टिंबं आणि लगेच ‘एच’ची चार. मधली जागा पुसट झाली की कारकून अंदाजावर आला. त्यात पृथ्वीच्या पोटातले प्रवाह कधी कधी अख्खी रेषच वर किंवा खाली सरकवत. सराईत माणूस म्हणूनच फितीच्या मधल्या रेषेकडे न पाहता आधीच्या ठोक्याशी तुलना करून वाचायचा.

मोकळ्या मार्गावर निरोपाला उत्तर काही मिनिटांत येई. 23 जून 1870 च्या रात्री लंडनच्या मेजवानीत पाहुण्यांना तेच दाखवण्यात आलं. रोजच्या व्यवहारात रांग असे, निरोप थांब्याथांब्यावर आपल्या पाळीची वाट बघे आणि वेळ तासांत मोजावा लागे. पण त्याआधी 1865 पासून तुर्कस्तान आणि इराणच्या आखातातून जी तार येई, तिला दिवसच्या दिवस लागत. तिथे इंग्रजी न येणारे कारकून अक्षरं नुसती उतरवत, त्यामुळे पोहोचलेल्या मजकुराचा अर्थ लावत बसावं लागे ते वेगळंच.

दर शब्दामागे भारी पैसे पडत, म्हणून व्यापाऱ्यांनी संकेतकोश वापरले. एका शब्दात पूर्ण वाक्य. पैसे वाचले, पण धोका वाढला. साध्या वाक्यात एखादं अक्षर चुकलं तर संदर्भावरून सुधारता येतं, संकेतशब्दात संदर्भच नसतो. याचा सर्वांत बोलका दाखला अमेरिकेतला आणि जमिनीवरच्या तारेतला आहे. फिलाडेल्फियाचे लोकरीचे व्यापारी फ्रँक प्रिमरोज यांनी 1887 साली कॅन्ससमधल्या आपल्या माणसाला संकेतात तार केली. त्यात बी-ए-वाय असा शब्द होता, त्यांच्या कोशात त्याचा अर्थ ‘मी खरेदी केली आहे’. पोहोचला तो बी-यू-वाय, म्हणजे खरेदी कर. ‘ए’ म्हणजे टिंब-रेघ आणि ‘यू’ म्हणजे टिंब-टिंब-रेघ. एका जादा टिंबामुळे त्या माणसाने तीन लाख पौंड वजनाची लोकर विकत घेतली आणि मालकाला वीस हजार डॉलरवर खोट बसली. खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. 1894 साली निकाल तार कंपनीच्या बाजूने लागला, कारण तार उलट पाठवून ताडून घेण्याचे जादा पैसे प्रिमरोजनी भरले नव्हते आणि फॉर्मच्या पाठीवर तशी अट छापलेली होती. सूत आणि कापसाच्या पेढीवर बसणाऱ्या कुणालाही हा निकाल पचायला जड जाईल, पण करार वाचून सही करावी हे कायद्याचं म्हणणं तेव्हाही तेच होतं.

केबलच्या वेगाची मर्यादा ओलांडली गेली ती तिला बाजूला ठेवून. 1927 साली इंग्लंड आणि भारत यांच्यात लघुलहरींची बीम वायरलेस सेवा सुरू झाली. भारतातलं पाठवणारं केंद्र पुण्याजवळ खडकीला आणि घेणारं दौंडला, म्हणजे सोलापूर-पुणे रेल्वेमार्गावरच. मध्ये गटापर्चा नाही, खारं पाणी नाही, एडनचा कारकूनही नाही. यंत्रं मिनिटाला शंभराच्या आसपास शब्द पाठवू लागली आणि दर केबलपेक्षा स्वस्त ठेवले गेले. लांबीच्या वर्गाचा नियम इथे लागू नव्हता, त्यामुळे दौंडला उतरणाऱ्या टिंबाला आणि रेघेला पुन्हा आपापली लांबी मिळाली. अडचण आता वेगळी होती. वातावरणाच्या वरच्या थराचा रंग दिवसरात्र पालटे, आवाज मध्येच विरून जाई आणि तेवढ्या वेळापुरता निरोप पुन्हा पाठवावा लागे.