उभ्या विमानात अडकलात, तर वेळ कधीपासून मोजायची?

उभ्या विमानात तासन्‌तास अडकल्यावर केलेल्या तक्रारींत एक चूक वारंवार दिसते. प्रवासी आसनावर बसल्यापासून वेळ मोजतो, तर अमेरिकेतील नियम उतरण्याची मुभा संपल्यापासून मोजतो. तेथे देशांतर्गत उड्डाणाला ३ तासांची आणि आंतरराष्ट्रीय उड्डाणाला ४ तासांची मर्यादा आहे. दार उघडे असून उतरण्याची परवानगी जाहीर झाली असेल, तर तो वेळ धरला जात नाही.

समजा, देशांतर्गत उड्डाणासाठी तुम्ही ५:४० ला बसलात, दार ६:२० ला बंद झाले आणि विमान ६:५० ला हलले. वेळ साधारणपणे ६:२० पासून धरली जाईल. ८:२० पर्यंत पाणी आणि खाणे मिळायला हवे, आणि ९:२० पर्यंत विमान परतीला लागले की कंपनी सुटली. त्यानंतर प्रत्यक्ष दार उघडायला आणखी अर्धा तास लागला, तरी तो नियमभंग ठरत नाही, आणि अनेकांचा हिशेब नेमका येथेच चुकतो. सुरक्षिततेचे कारण असेल, किंवा विमान परत आणल्यास विमानतळाचे कामकाज विस्कळीत होईल असे हवाई वाहतूक नियंत्रणाने कळवले असेल, तर ही मर्यादाही लागू होत नाही.

चालू स्थितीतील स्वच्छतागृह, सुसह्य तापमान आणि गरज पडल्यास वैद्यकीय मदत यांसाठी मात्र २ तास थांबावे लागत नाही. उकडत असेल, तर खिडकीचे झाकण खाली ओढावे, डोक्यावरील हवेची तोटी उघडावी आणि कर्मचाऱ्यांना स्पष्ट सांगावे, कारण तक्रार आल्याशिवाय मागच्या रांगांमधला उकाडा पुढे कळतोच असे नाही. मधुमेह असेल किंवा औषधाची वेळ ठरलेली असेल, तर ते सुरुवातीलाच कळवावे. औषध सामानकक्षात दिलेल्या बॅगेत असेल, तर ते मिळण्याची आशा धरू नये. ही चूक लोक आजही करतात, याचे वाईट वाटते.

अमेरिकेत या नियमभंगाबद्दल होणारा दंड सरकारजमा होतो, त्यामुळे तक्रारीतून पैसे मिळतील असे गृहीत धरू नये. युरोपीय संघाच्या नियमांत आगमनाला ३ तास किंवा त्याहून अधिक उशीर झाला, तर भरपाई अंतरानुसार २५० ते ६०० युरो असते, पण विमानाचे ‘आगमन’ कधी झाले हा वाद तेथेही होता. साल्झबुर्गहून कोलोन-बॉनला निघालेल्या एका विमानाची चाके २ तास ५८ मिनिटे उशिरा टेकली आणि ते थांब्यावर ३ तास ३ मिनिटे उशिरा पोहोचले. प्रवाशांना उतरण्याची परवानगी असताना किमान एक दार उघडते तो क्षण म्हणजे आगमन, असे युरोपीय न्यायालयाने २०१४ मध्ये ठरवले. म्हणून दार बंद झाल्याची आणि उघडल्याची वेळ तेव्हाच लिहून ठेवावी.

तक्रार आधी विमान कंपनीकडे लेखी करावी आणि सोबत बोर्डिंग पास व या नोंदी जोडाव्यात. अमेरिकेच्या नियमानुसार कंपनीने ३० दिवसांत पोच आणि ६० दिवसांत सविस्तर उत्तर द्यायचे असते. ‘आपली तक्रार मिळाली’ एवढेच सांगणारे पत्र म्हणजे पोच, उत्तर नव्हे. तेथील परिवहन विभागाकडेही तक्रार करता येते.